उज्जैनचे तीन फेरे

उज्जैनला गेलेली मराठी मंडळी बहुतेकदा रिक्षावाल्याने दिलेल्या यादीप्रमाणे फिरतात. यादीतले काही चुकत नाही, क्रम चुकतो. चिंतामण गणेश नैर्ऋत्येला, मंगळनाथ उत्तरेला. ही दोन्ही देवस्थाने लागोपाठ घेतली की अख्खे शहर आडवे ओलांडावे लागते.

म्हणून आधी कागदावर क्षिप्रा काढा. ती शहराच्या पश्चिमेकडून उत्तरेला जाते आणि वर वळणे घेते. तिच्याकाठी महाकाल मांडा, मग बाकीच्या जागा. तीन झुबके आपोआप दिसतात.

मधल्या झुबक्यात महाकाल, बडा गणेश, रुद्रसागरापलीकडची हरसिद्धी, रामघाट आणि बाजारातले बायजाबाई शिंद्यांनी बांधलेले गोपाळ मंदिर. हा सगळा पायी फिरण्याचा भाग आहे. पण तो एका दमात उरकू नये. भस्मआरती पहाटे चारची. तिची नोंदणी आधी करावी लागते आणि आत जायला रात्रीच निघावे लागते. उलट हरसिद्धीच्या दोन दीपमाळा आणि रामघाटावरची आरती संध्याकाळची. तेव्हा पहाटे महाकाल, मग खोलीवर झोप, आणि दिवेलागणीला उरलेले. जागा जवळ असल्या तरी वेळा दूर असतील, तर झुबका दोन तुकड्यांत फोडणेच शहाणपणाचे.

उत्तरेचा फेरा रिक्षाचा. गढकालिका, तिच्याजवळची भर्तृहरी गुंफा, पुढे काळभैरव, मग सिद्धवट, मंगळनाथ आणि परतताना सांदीपनी आश्रम. असे गेल्यास बऱ्याच अंशी गोल फेरा होतो, त्याच रस्त्याने परतावे लागत नाही. नकाशावर इथे एक फसगत आहे: नदीकाठच्या दोन जागांमधले सरळ अंतर मोजू नका, पूल कुठे आहे ते बघा. मंगळवारी मंगळनाथला भातपूजेची गर्दी असते. मंगळाची पूजाच करायची नसेल, तर हा फेरा दुसऱ्या वारी ठेवा.

दक्षिणेकडे जागा मोजक्याच: जयसिंगपुऱ्यातली वेधशाळा आणि त्याच बाजूला नदीपलीकडे चिंतामण गणेश. सवाई जयसिंगाने अठराव्या शतकात बांधलेल्या वेधशाळेत सम्राट यंत्राची सावली वाचायची, म्हणजे ऊन हवे. ढगाळ दिवशी तिथे नुसत्या भिंती दिसतात. त्यामुळे हा फेरा सकाळी उशिरा. त्रिवेणीचे शनिमंदिर याच दिशेला भासते, पण ते इंदूर रस्त्यावर आहे. इंदूरहून येताना किंवा परत जाताना ते वाटेतच लागते, त्यासाठी वेगळी खेप कशाला?

दोनच दिवस असतील तर पहिल्या दिवशी दुपारपर्यंत पोहोचून संध्याकाळी हरसिद्धी आणि रामघाट करा. दुसऱ्या पहाटे भस्मआरती, थोडी झोप, मग उत्तरेचा फेरा. श्रावणी सोमवार मात्र टाळा: महाकालाची सवारी रामघाटाला जाते, गोपाळ मंदिरावरून परतते, आणि मधल्या भागात वाहन पुढे सरकत नाही. सवारीच पाहायची असेल तर त्या दिवसाच्या यादीत दुसरे काहीच घालू नका.