एक तृतीयांशाचा हिशेब

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत भारतीय भाषेची अनिवार्य प्रश्नपत्रिका ३०० गुणांची असते. तिच्यात २५ टक्के गुण मिळाले की पुरतात. ते गुणवत्ता यादीत धरत नाहीत. त्यामुळे मराठी घेणारे अनेक जण ६० गुणांच्या सारांशाचा सराव करतच नाहीत. सूचना मात्र ठरलेली आहे: उताऱ्याच्या सुमारे एक तृतीयांश शब्दांत, स्वतःच्या भाषेत लिहा, शीर्षक देऊ नका.

जुन्या प्रश्नपत्रिका आयोगाच्या संकेतस्थळावर मिळतात. सरावाला उतारा घेतला की आधी शब्द मोजावेत आणि तिसरा हिस्सा परिच्छेदांवर वाटून टाकावा. ही वाटणी का हवी, ते पुढच्या ४५ शब्दांच्या उताऱ्यावरून कळेल. (उतारा मी रचलेला आहे.)

‘गावात विहिरी पूर्वीही होत्या. पण मोटेने पाणी उपसायचे म्हटले की बैल थकत, माणूस थकत आणि उपसा आपोआप थांबे. विजेचा पंप थकत नाही. बटण दाबले की रात्रभर पाणी येत राहते. कुणाच्या शेतात ऊस, कुणाच्या केळी. परिणामी शेजारच्या विहिरी आटतात आणि लोक दोष मात्र अपुऱ्या पावसाला देतात.’

आता हा सारांश पाहा: ‘पूर्वी गावात विहिरी होत्या. मोटेने पाणी उपसताना बैल आणि माणसे थकत, त्यामुळे उपसा आपोआप थांबे.’ शब्द मोजून पंधरा, म्हणजे लांबी अचूक. पण पंप आलाच नाही आणि लेखकाचा मुद्दा तर त्यातच आहे! वरून खाली उतरवत गेले की सगळी जागा सुरुवातच खाऊन टाकते.

पंधराच शब्दांत हेही बसते: ‘मोटेच्या उपशाला मर्यादा होती, विजेच्या पंपाला ती नसल्याने विहिरी आटतात, पण लोक पावसाला दोष देतात.’ बैल, बटण, ऊस, केळी ही उदाहरणे गेली. कारण आणि परिणाम राहिले.

शब्द थोडे जास्त झाले, तर मराठीत एक सोय आहे. ‘विहिरीच्या जवळ’ दोन शब्द, ‘विहिरीजवळ’ एक. पण पाच-दहा शब्दांपलीकडे ही युक्ती चालत नाही. तिथे एखादे उदाहरणच काढावे लागते. उलट मजकूर फारच कमी भरला, तर विशेषणे भरू नयेत. कोणत्या परिच्छेदाचा हिस्सा रिकामा आहे ते पाहावे; सुटलेला मुद्दा बहुधा तिथेच सापडतो.

परीक्षेत शब्द एकेक मोजत बसायला वेळ नसतो. आपल्या अक्षरात एका ओळीत सरासरी किती शब्द बसतात हे सरावातच पाहून ठेवावे. ओळीत आठ बसत असतील, तर १२० शब्दांचा सारांश पंधराव्या ओळीच्या आसपास संपायला हवा.