मोफत चेकलिस्ट: नाव-ईमेल देण्याआधी वाचणाऱ्याला काय कळायला हवं?

जुना फ्लॅट घ्यायचं ठरलं, किंमत जुळली, उद्या टोकन द्यायचं आहे. अशा वेळी माणूस मोबाइलवर शोधतो, ‘रीसेल फ्लॅट कागदपत्रं यादी पीडीएफ’. कोणी हेच शब्द मराठीत टाइप करतो, कोणी रोमन अक्षरांत. या चार-पाच शब्दांतून त्याच्याबद्दल बरंच कळतं. घर घ्यावं की नाही, हा विचार त्याने कधीच मागे टाकला आहे. नवं बांधकाम त्याला नको, जुनाच फ्लॅट हवा आहे. लेख वाचायची त्याची तयारी नाही, यादी हवी आहे. आणि शेवटी ‘पीडीएफ’ लिहिलं, म्हणजे ती मोबाइलमध्ये ठेवायची किंवा छापून घ्यायची आहे आणि विक्रेत्याच्या घरी एकेका बाबीसमोर खूण करायची आहे.

अशी यादी बरेच वकील आणि गृहकर्ज सल्लागार मोफत देतात. बदल्यात ते ईमेल पत्ता घेतात, म्हणजे पुढे ज्याला सल्ला लागेल त्याच्याशी संपर्क ठेवता येतो. या व्यवसायात अशा मोफत वस्तूला लीड मॅग्नेट म्हणतात आणि ती जिथे मिळते त्या पानाला लँडिंग पेज. यात गैर काही नाही. प्रश्न असा की गूगलच्या निकालात त्या पानाचं जे शीर्षक आणि खालचं दोन ओळींचं वर्णन दिसतं, त्यातून शोधणाऱ्याला खरं काय ते कळतं का?

नेहमीची चूक

बहुतेक पानांचं शीर्षक ‘मोफत गाइड आजच डाउनलोड करा’ अशा धाटणीचं असतं. खाली वर्णन असतं: ‘घर हे प्रत्येकाचं स्वप्न असतं, आमची अनुभवी टीम आपल्या सेवेत सदैव तत्पर आहे.’ टोकन द्यायला निघालेल्या माणसाला यातून एकाही प्रश्नाचं उत्तर मिळत नाही.

त्याचे प्रश्न चारच असतात. पहिला, हे माझ्यासाठी आहे का? बिल्डरकडून नवा फ्लॅट घेणाऱ्याला प्रकल्पाची महारेरा नोंदणी तपासायची असते. पंचवीस वर्षं जुन्या सोसायटीतला फ्लॅट घेणाऱ्याला सोसायटीचं भागपत्र, म्हणजे शेअर सर्टिफिकेट बघायचं असतं. राज्य बदललं की कागदांची नावंही बदलतात. महाराष्ट्रात इंडेक्स टू मागतात. दुसरा प्रश्न, यात नेमकं काय आहे, किती बाबी आहेत? तिसरा, ते कोणत्या रूपात मिळेल, छापता येईल का? आणि चौथा, बदल्यात माझ्याकडून काय घेणार? नुसता ईमेल की फोन नंबरही?

चौथा प्रश्न लपवण्याकडे सगळ्यांचा कल असतो. माहिती मागणार हे आधीच सांगितलं तर लोक क्लिक करणार नाहीत, अशी धास्ती असते. काही जण करणारही नाहीत. पण ते लोक पानावर आले असते तरी फॉर्म बघून परतच गेले असते. जे सगळं वाचून येतात, ते फॉर्म भरायच्या तयारीने येतात.

एक उदाहरण

समजा, एका वकिलांनी महाराष्ट्रातल्या सहकारी सोसायटीतल्या जुन्या फ्लॅटसाठी 18 कागदपत्रांची दोन पानी यादी केली आहे. त्या पानाचं शीर्षक आणि वर्णन असं लिहिता येईल:

```html
<title>रीसेल फ्लॅट खरेदी: 18 कागदपत्रांची चेकलिस्ट, मोफत PDF</title>
<meta name="description" content="महाराष्ट्रातल्या सोसायटीतला जुना फ्लॅट घेताना विक्रेता, सोसायटी आणि बँकेकडून घ्यायची 18 कागदपत्रं, दोन पानांत. नाव-ईमेल दिला की PDF लगेच ईमेलवर. फोन नंबर लागत नाही.">
```

शीर्षकाची सुरुवात ‘रीसेल फ्लॅट’ने होते, कारण शोधणारा तोच शब्द टाइप करतो. ‘जुनी सदनिका’ व्याकरणाला चालते, पण हातातल्या मोबाइलवर ते फारसं कोणी लिहीत नाही. मग संख्या, मग वस्तूचं रूप. ‘मोफत’ हा शब्द शेवटी आहे, कारण तो कोणत्याही पानावर असू शकतो. तो कापला गेला तरी अर्थ बिघडत नाही. वर्णनात राज्य आलं, कागद कोणाकडून मागायचे ते आलं आणि बदल्यात काय द्यायचं तेही आलं.

लांबीचा हिशेब मराठीत जरा वेगळा होतो. इंग्रजीसाठी ‘साठ अक्षरांच्या आत शीर्षक’ असा ठोकताळा सांगितला जातो. पण गूगलने अक्षरांची मर्यादा घातलेली नाही. पडद्यावर जेवढी रुंदी मिळते तेवढं दिसतं, बाकी कापलं जातं. शिवाय अक्षरं मोजणारी साधनं काना, मात्रा, अनुस्वार, जोडाक्षरातला हलंत हे सगळं वेगवेगळं मोजतात. ‘कागदपत्रांची’ हा शब्द डोळ्यांना सहा अक्षरांचा दिसतो, संगणक तो बारा मोजतो. म्हणून आकड्यामागे न लागता महत्त्वाचे शब्द आधी लिहावेत आणि पान निकालात आल्यावर साध्या मोबाइलवर प्रत्यक्ष कसं दिसतं ते बघावं.

गूगल शीर्षक का बदलतं?

आपण लिहिलेलं शीर्षक गूगल जसंच्या तसं दाखवेलच असं नाही. पानावरचं मोठं मथळ्याचं वाक्य, इतर मजकूर, दुसऱ्या पानांवरून आलेल्या लिंकचे शब्द यांतून ते स्वतःच शीर्षक जुळवू शकतं. ऑगस्ट 2021 मध्ये या पद्धतीत मोठा बदल झाला, तेव्हा आपल्या पानांची शीर्षकं बदललेली पाहून अनेक साइटवाले गोंधळले होते. वर्णनाचंही तसंच. गूगल मुख्यतः पानावरच्या मजकुरातून तुकडा उचलतं. आपलं वर्णन त्याहून नेमकं वाटलं तर ते वापरतं. आणि वर्णनात शब्द भरल्याने पान वर येत नाही, क्रमवारीसाठी ते धरलंच जात नाही. त्याचं काम एकच, समोरच्याला निर्णय घ्यायला मदत करणं.

शीर्षक टिकवण्याचा खात्रीचा उपाय नाही, पण शक्यता वाढवता येते. शीर्षकात ‘18 कागदपत्रांची चेकलिस्ट’ आणि पानावर मोठ्या अक्षरात ‘आपल्या स्वप्नातल्या घराकडे पहिलं पाऊल’, असं असेल तर गूगलला दोन वेगळ्या गोष्टी दिसतात आणि माणसालाही. मथळ्यात तेच शब्द, तीच संख्या ठेवावी. यादी सुधारून 20 बाबींची केली तर संख्या शीर्षकात, वर्णनात, मथळ्यात आणि पीडीएफच्या पहिल्या पानावर अशी चारही ठिकाणी बदलावी. ही गोष्ट हमखास राहून जाते.

त्याहून मोठी अडचण म्हणजे रिकामं पान. नुसता फॉर्म आणि एक बटण असेल तर गूगलला वाचायला काही नसतं आणि माणसाला विश्वास ठेवायला काही नसतं. म्हणून यादीतल्या पाच-सहा बाबी पानावर उघड लिहाव्यात, कारणासकट. पहिल्या खरेदीपासून आजपर्यंतचे सर्व नोंदणीकृत करारनामे, कारण मधला एक जरी गहाळ असला तरी मालकीची साखळी तुटते आणि गृहकर्ज अडू शकतं. इंडेक्स टू. विक्रेत्याच्या नावाचं भागपत्र. थकबाकी नसल्याचा सोसायटीचा दाखला. इमारतीचं भोगवटा प्रमाणपत्र. विक्रेत्याने कर्ज घेतलं असेल तर ते फिटल्याचं बँकेचं पत्र, कारण तोवर मूळ कागद बँकेच्या ताब्यात असतात. एवढं वाचल्यावर उरलेल्या बाबींसाठी ईमेल द्यावा की नाही, हे माणूस स्वतः ठरवू शकतो.

फॉर्ममध्ये नाव आणि ईमेलपुरतंच थांबावं. यादी ईमेलने पाठवायला फोन नंबर लागत नाही. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचा रोखही हाच आहे: संमती मोकळेपणाने दिलेली, नेमक्या कामासाठी आणि त्या कामाला लागेल तेवढ्याच माहितीपुरती असावी. पुढे बातमीपत्र पाठवायचं असेल तर त्यासाठी वेगळी चौकट ठेवावी, तीही आधीच खूण न केलेली.

एक तांत्रिक बाब राहते. पीडीएफ फाइलही गूगलच्या निकालात येऊ शकते. तसं झालं तर लोक थेट फाइलवर पोचतात, फॉर्मचं पान बाजूला पडतं आणि जुनी आवृत्ती वर्षानुवर्षं फिरत राहते. फाइल पाठवताना सर्व्हरने ही ओळ जोडली की ते टळतं:

```
X-Robots-Tag: noindex
```

हीच फाइल `robots.txt` मधून अडवू नये. तिथे अडवली तर गूगल फाइल उघडत नाही आणि वरची सूचना त्याच्यापर्यंत पोचतच नाही.

बिघाड कुठे आहे, हे कसं ओळखायचं?

गूगलचं सर्च कन्सोल हे मोफत साधन सांगतं की कोणत्या शब्दांसाठी पान किती वेळा दिसलं, किती जणांनी क्लिक केलं आणि सरासरी कितव्या जागी होतं. फॉर्म किती जणांनी भरला, हा आकडा आपल्याकडे असतोच. समजा, महिनाभरात पान 2000 वेळा दिसलं, क्लिक 20 आले आणि त्यातल्या 10 जणांनी फॉर्म भरला. आलेल्यांपैकी निम्म्यांनी माहिती दिली, म्हणजे पान आपलं काम करतं आहे. आता जागा बघायची. पान पहिल्या पाचांत असूनही एवढेच क्लिक असतील तर शीर्षक-वर्णन बोलत नाही. पंचविसाव्या जागी असेल तर शब्द बदलून फरक पडणार नाही, पानावरचा मजकूर वाढवावा लागेल.

उलट, 200 क्लिक आणि फॉर्म फक्त 4, असं असेल तर शीर्षकाने दिलेला शब्द पानाने पाळलेला नाही. अशा वेळी शोधशब्दांची यादी उघडावी. तिथे ‘मुद्रांक शुल्क किती’ यांसारखे शब्द दिसले तर वेगळ्याच कामाची माणसं येताहेत. त्यांच्यासाठी वेगळं पान करावं. एकाच शीर्षकात दोघांना कोंबलं तर दोघंही परत जातात. बदल एका वेळी एकच करावा आणि तीन-चार आठवडे थांबून, आधीच्याच जागेशी तुलना करून निष्कर्ष काढावा.

आपणही अशी मोफत यादी देत असाल तर आज एवढं करा. मोबाइलवर आपलं पान शोधा आणि फक्त शीर्षक व वर्णन एखाद्या अनोळखी माणसाला वाचायला द्या. हे कोणासाठी आहे, काय मिळेल, कोणत्या रूपात आणि बदल्यात काय द्यावं लागेल, ही चार उत्तरं त्याला देता आली नाहीत, तर फॉर्मचा रंग बदलण्याआधी त्या दोन ओळी बदला.