प्युरिफायरचे सांडपाणी आणि कुंडीतले क्षार

आरओ प्युरिफायर पाण्यातले क्षार नष्ट करत नाही, फक्त बाजूला काढतो. घरगुती यंत्रातून पिण्याचे एक लिटर पाणी मिळते तेव्हा साधारण दोन ते तीन लिटर पाणी बारीक नळीतून मोरीत जाते आणि काढलेले क्षार त्यातच राहतात. हे पाणी झाडांना चालेल की नाही, हे मूळ पाण्यावर ठरते.

बोअरच्या पाण्याचा टीडीएस, म्हणजे विरघळलेले क्षार, लिटरला 900 मिलिग्रॅम आहे असे समजू. तीन लिटरांत 2700 मिलिग्रॅम क्षार होतात. त्यातले एक लिटर गाळून निघाले आणि त्याबरोबर 90 मिलिग्रॅम गेले, तर उरलेल्या दोन लिटरांत 2610, म्हणजे लिटरला 1305 मिलिग्रॅम राहतात. नळाच्या पाण्याचा टीडीएस 150 असेल, तर याच हिशेबाने आकडा 220च्या आत येतो. सिंचनासाठी साधारण 450पर्यंतचे पाणी निर्धोक आणि 2000च्या वरचे बहुतेक पिकांना घातक मानतात. स्वस्त टीडीएस मीटर सांडपाण्यात बुडवला की घरचा आकडा कळतो.

हे आकडे शेतासाठी आहेत. कुंडीत हात आखडताच ठेवावा. पाणी उडून जाते, क्षार मागे साचतात. मातीवर किंवा कुंडीच्या कडेला पांढरा थर येतो, पानांची टोके आणि कडा तपकिरी होऊन करपतात. पाणी कमी पडले असे वाटून तेच पाणी आणखी घातले की दुखणे वाढते. बोगनवेल आणि नारळ खारेपणा बराच सोसतात. घेवडा, स्ट्रॉबेरी आणि कोवळी रोपे मुळीच नाही.

यावर पावसाचे पाणी उत्तम, कारण त्यात क्षार जवळजवळ नसतात. कुंडीच्या आकारमानाच्या दुप्पट पाणी सावकाश ओतून तळाच्या छिद्रांतून वाहू दिले की साचलेले क्षार धुतले जातात. बशीत जमलेले पाणी मात्र फेकावे. छतावरच्या पहिल्या सरींचे पाणी धूळ आणि पक्ष्यांच्या विष्ठेमुळे सोडून द्यावे. साठवण झाकलेली हवी, नाहीतर आठवडाभरात डास होतात.

एका बाबतीत मीटर उपयोगाचा नाही. बोअरच्या पाण्यात फ्लोराइड, नायट्रेट किंवा आर्सेनिक असेल, तर सांडपाण्यात तेही दाट होते आणि टीडीएसच्या आकड्यावरून ते ओळखता येत नाही. अशा ठिकाणी प्रयोगशाळेतल्या तपासणीशिवाय हे पाणी भाजीला घालू नये.

तांदळाच्या धुवणात क्षारांची भीती नाही. त्यात मुख्यतः स्टार्च आणि थोडे पोटॅशियम, फॉस्फरस असते. खत म्हणून त्याची ताकद बेताचीच. ते त्याच दिवशी, तितकेच साधे पाणी मिसळून, आठवड्यातून एकदा घालावे. रोज घातल्यास माती आंबूस वास धरते, वर बुरशी येते आणि चिलटे जमतात. मीठ घालून शिजवलेल्या भाताची पेज मात्र कुंडीत ओतू नये.