बेरीज जुळली, मग पत्र कशाला?

समजा, पुण्यातल्या एका शेअरबाजारात नोंदलेल्या कंपनीने १ ऑक्टोबरला जुनी हिशेबप्रणाली बंद करून नवी सुरू केली. दोन्हीकडच्या तेरजेची बेरीज रुपयापर्यंत जुळली. तरी ऑडिट कमिटीच्या अध्यक्षा वैधानिक ऑडिटरला पत्र लिहितात: प्रणाली बदलल्यावर तुमच्या तपासणीत नेमके काय बदलले, ते सांगा.

हे पत्र संशयातून आलेले नाही. एका ग्राहकाकडे ४० लाखांची येणी आहेत आणि बिल १० फेब्रुवारीचे आहे. ३० सप्टेंबरला ते २३२ दिवस जुने होते. १८० दिवसांवरच्या येण्यांवर निम्मी तरतूद करायची, असे कंपनीचे धोरण. म्हणजे २० लाख बाजूला ठेवायचे. पण स्थलांतर करताना रक्कम तेवढी नेली आणि बिलाची तारीख मागेच राहिली. नव्या प्रणालीने आपली १ ऑक्टोबर ही तारीख लावली. थकलेली उधारी एका रात्रीत ताजी झाली, तरतूद शून्यावर आली आणि नफा २० लाखांनी फुगला. बेरीज मात्र जुळलेलीच.

हे पकडायचे तर ३० सप्टेंबरची जुनी थकबाकी-यादी आणि १ ऑक्टोबरची नवी यादी शेजारी ठेवून बिलागणिक तारखा ताडाव्या लागतात. म्हणून पत्रातला पहिला प्रश्न असा असावा: ही पडताळणी तुम्ही स्वतः केलीत, की प्रणाली बसवणाऱ्यांच्या अहवालावर विसंबलात?

दुसरा प्रश्न वर्षाच्या दोन तुकड्यांचा. पहिल्या सहामाहीत कंपनीची अंतर्गत नियंत्रणे नीट चालत असल्याचे ऑडिटरने तपासले असेल. पण बिल कोण मंजूर करतो, दर कोण बदलू शकतो, हे सगळे नव्या प्रणालीत नव्याने ठरते. एप्रिलचा निष्कर्ष डिसेंबरला लावता येत नाही. नव्या नियंत्रणांची वेगळी चाचणी हवी, नाहीतर प्रत्यक्ष व्यवहारांचे नमुने वाढवायला हवेत.

तिसरा मुद्दा कंपन्या हमखास विसरतात. १ एप्रिल २०२३ पासून हिशेबाच्या सॉफ्टवेअरमध्ये प्रत्येक फेरफाराची नोंद ठेवणे सक्तीचे आहे, आणि ती वर्षभर चालू होती का, हे ऑडिटरला अहवालात लिहावे लागते. जुना सर्व्हर पुसून टाकला, तर पहिल्या सहा महिन्यांचे काय? हिशेबाची पुस्तके तर कायद्याने आठ वर्षे जपायची आहेत.

अध्यक्षांनी एक मर्यादा मात्र पाळायला हवी. ‘अमुक नमुने तपासा’ असा हुकूम त्यांना सोडता येत नाही. तपासणी कशी करायची हे ऑडिटरच ठरवतो. कोणती बिले उघडणार, हे तो आधी सांगणारही नाही, आणि ते योग्यच आहे. ‘आमची पद्धत मानकांनुसार आहे’ एवढेच उत्तर आले, तर मात्र पत्र पुन्हा पाठवावे.

तुमच्याकडे अशा कंपनीचे शेअर असतील, तर वार्षिक अहवालातला ऑडिटरचा अहवाल उघडा. फेरफार-नोंदीबद्दलचा परिच्छेद आणि ‘की ऑडिट मॅटर्स’ हा भाग, एवढे तरी वाचाच.