एका वाक्यातील संस्था : ग्रामीण स्त्रिया, डिजिटल कौशल्य आणि ध्येयवाक्याची शब्दरचना

बंगळूरच्या बसवनगुडी भागात कार्यालय आणि शेजारच्या तुमकूर जिल्ह्यातील खेड्यांत काम, अशी एखादी नवी ना-नफा संस्था स्थापन होत आहे असे मानू. ग्रामीण स्त्रियांना डिजिटल कौशल्ये शिकविणे हा तिचा हेतू आहे. संस्थापकांनी पहिल्या बैठकीत पुढील ध्येयवाक्य लिहिले : 'डिजिटल युगात ग्रामीण महिलांचे सर्वांगीण सक्षमीकरण करणे.' या वाक्यात आक्षेप घ्यावा असे काही दिसत नाही. नेमका हाच त्याचा दोष आहे, कारण कोणते काम केले म्हणजे संस्था अपयशी ठरली, हे त्यावरून सांगता येत नाही.

पहिला प्रश्न मोजमापाच्या एककाचा आहे. 2017 मध्ये मंजूर झालेल्या प्रधानमंत्री ग्रामीण डिजिटल साक्षरता अभियानाने 6 कोटी ग्रामीण कुटुंबांतील प्रत्येकी एका व्यक्तीस प्रशिक्षण देण्याचे लक्ष्य ठेवले होते. अभ्यासक्रम 20 तासांचा होता आणि ज्या कुटुंबात कोणीही डिजिटल साक्षर नाही, तेच कुटुंब पात्र ठरत होते. मर्यादित निधी अधिकाधिक घरांत पोहोचविण्यासाठी हा निकष सोयीचा होता. मात्र मुलगा महाविद्यालयात शिकत असेल तर ते घर साक्षर ठरते आणि त्याची आई योजनेबाहेर राहते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (2019-21) कधी ना कधी इंटरनेट वापरलेल्या ग्रामीण स्त्रियांचे प्रमाण 24.6 टक्के, तर ग्रामीण पुरुषांचे 48.7 टक्के आढळले. ही दरी बऱ्याच अंशी एकाच छपराखालची आहे. म्हणून नव्या संस्थेच्या वाक्यात 'कुटुंब' नव्हे, 'स्त्री' हा शब्द हवा.

दुसरा प्रश्न क्रियापदाचा. 'प्रशिक्षण देणे' म्हटले की उपस्थितीपट भरला म्हणजे काम संपते. प्रत्यक्षात वर्ग पूर्ण केलेल्या स्त्रीच्या बँक खात्याला पती किंवा मुलाचा मोबाइल क्रमांक जोडलेला असेल, तर ओटीपी त्यांच्याकडे जातो आणि शिकलेले कौशल्य वापरताच येत नाही. उपरोक्त सर्वेक्षणात स्वतः वापरत असलेला मोबाइल जवळ असणाऱ्या ग्रामीण स्त्रिया निम्म्याहून कमी, म्हणजे 46.6 टक्के होत्या. 'स्वतः व्यवहार करता येणे' असा शब्दप्रयोग केल्यास खात्याचा क्रमांक बदलून घेणे हेही संस्थेच्या कामात आपोआप येते.

तिसरा प्रश्न कायद्याचा असून विद्यार्थ्यांनी त्याकडे विशेष लक्ष द्यावे. ध्येयवाक्याला स्वतःचे कायदेशीर बळ नसते. परंतु तेच वाक्य थोड्या फरकाने न्यासपत्रात किंवा कंपनीच्या उद्देश कलमात उतरते आणि प्राप्तिकर सवलतीचा विचार तेथून सुरू होतो. कर्नाटकातील लोकशिक्षण न्यासाचे प्रकरण येथे बोधप्रद आहे. 1935 च्या न्यासपत्रात लोकांना शिक्षित करणे हा व्यापक हेतू होता आणि न्यास 'संयुक्त कर्नाटक' हे दैनिक चालवीत असे. वृत्तपत्र वाचून ज्ञान वाढते हे कोणी नाकारले नाही. तरीही 1975 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की, करकायद्यातील 'शिक्षण' म्हणजे पद्धतशीर अध्यापन होय. 2022 च्या न्यू नोबल एज्युकेशनल सोसायटी प्रकरणात हाच अर्थ कायम राहिला.

याचा परिणाम आकड्यांत पाहता येतो. संस्थेचे काम 'शिक्षण' ऐवजी 'सार्वजनिक उपयोगितेचे अन्य उद्दिष्ट' या वर्गात गेले, तर व्यापारी स्वरूपाच्या कामातून मिळणारे उत्पन्न एकूण जमेच्या 20 टक्क्यांपेक्षा अधिक असता कामा नये. समजा, वर्षाची जमा 50 लाख रुपये आहे आणि संस्थेने गावोगावी शुल्क घेऊन अर्ज भरून देणारी केंद्रे उघडून त्यांतील 12 लाख मिळविले. हे प्रमाण 24 टक्के होते आणि त्या वर्षाची करसवलत धोक्यात येते. शिवाय अर्ज भरून देणे म्हणजे अर्ज भरायला शिकविणे नव्हे. केंद्राबाहेरची रांग वाढत असेल तर मूळ काम मागे पडत आहे, असे समजण्यास हरकत नाही.

या तिन्ही बाबी ध्यानी घेता वाक्य असे होईल : 'तुमकूर जिल्ह्यातील गरीब कुटुंबांतील प्रौढ स्त्रियांना, निश्चित अभ्यासक्रमाच्या विनामूल्य वर्गांतून, स्वतःचे बँक व्यवहार व शासकीय अर्ज दुसऱ्यावर विसंबून न राहता फोनवर करता येतील इतके कौशल्य शिकविणे.' यातील 'निश्चित अभ्यासक्रम' हे शब्द शिक्षणाच्या व्याख्येसाठी आहेत. त्यावर आक्षेप आलाच, तर 'गरीब' या शब्दामुळे 'गरिबांना साहाय्य' या दुसऱ्या धर्मादाय वर्गाचा दावा करता येतो. सवलत मिळेलच अशी हमी मात्र कोणतेही वाक्य देत नाही.

जिल्ह्याचे नाव ध्येयवाक्यात असावे, उद्देश कलमात नसावे. कंपनी कायदा, 2013 च्या कलम 8 खालील संस्थेला शासनाच्या पूर्वसंमतीविना उद्देश कलम बदलता येत नाही. पुढे कोलार जिल्ह्यात काम न्यायचे झाल्यास ध्येयवाक्य एका बैठकीत बदलते. उद्देश कलमासाठी मात्र अर्ज करून वाट पाहावी लागते.