कुर्तीच्या मापाचा तक्ता

ऑनलाइन विकल्या जाणाऱ्या सुती कुर्तीवर ‘एम / ३८’ असे लिहिलेले असते तेव्हा त्या ३८ चे दोन अर्थ निघू शकतात. काही विक्रेत्यांच्या लेखी कुर्तीचा छातीचा घेर ३८ इंच असतो, म्हणजे ती ३६ इंच छातीच्या स्त्रीला बसते. इतरांच्या लेखी ३८ हे अंगाचे माप असते आणि कुर्ती प्रत्यक्षात ४० इंचांची असते. एका दुकानातून घेतलेला एम सैल होतो आणि दुसरीकडचा एम काखेत काचतो, तो बऱ्याचदा यामुळे. भारतीय बांध्यांवर आधारलेली प्रमाण मापे तयार व्हावीत म्हणून वस्त्रोद्योग मंत्रालयाच्या पाठबळावर निफ्ट या संस्थेने ‘इंडियासाइज’ हे सर्वेक्षण हाती घेतले. देशभरातील सुमारे २५ हजार स्त्रीपुरुषांची मापे स्कॅनरने घ्यावीत, अशी ती योजना होती. मात्र बाजारात आजही प्रत्येक ब्रँड आपापल्या नमुन्याप्रमाणेच कापड बेततो. त्यामुळे मापाचा तक्ता दुसऱ्या दुकानाचा उचलून चालत नाही. तो आपल्याच मालावरून करावा लागतो.

चांगल्या तक्त्यात दोन रकाने वेगळे असतात. एकात ‘अंगाचे माप’ आणि दुसऱ्यात ‘कपड्याचे माप’, आणि प्रत्येक रकान्याच्या माथ्यावर ते शब्द स्पष्ट लिहिलेले असतात. या दोहोंतला फरक म्हणजे ढिलाई. न ताणणाऱ्या सुती कापडाच्या सरळ कुर्तीला छातीवर २ ते ३ इंच ढिलाई लागते, नाहीतर हात वर करताना आणि बसताना कापड ओढले जाते. लेगिंगचे उलट असते. तिथे कापड ताणते म्हणून कपडा अंगापेक्षा लहानच बेततात. म्हणून सगळ्या मालासाठी एकच तक्ता ठेवणे ही सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे.

कपड्याचे माप घेताना कुर्ती इस्त्री करून टेबलावर सपाट पसरतात आणि एका काखेच्या शिवणीपासून दुसऱ्या काखेच्या शिवणीपर्यंत टेप धरतात. हे अंतर २० इंच भरले तर घेर ४०. इथे अर्ध्या इंचाची चूक घेरात १ इंचाची होते, म्हणून एकाच नगावर विसंबू नये. प्रत्येक लॉटमधून प्रत्येक साइजचे किमान तीन नग मोजावेत. तिन्ही आकडे जवळपास सारखे आले तर तक्ता लिहिता येतो. एक १९ आणि दुसरा २० इंच भरला, तर दोष शिलाईत आहे आणि कोणताही तक्ता तो झाकू शकत नाही.

त्यानंतर धुलाईची चाचणी. त्याच कापडाच्या तुकड्यावर ५० सेंटिमीटरचा चौकोन आखून, गिऱ्हाईक घरी धुईल तसे धुऊन, वाळवून पुन्हा मोजतात. समजा, आडवी बाजू ४८.५ आणि उभी ४७.५ सेंटिमीटर झाली. म्हणजे कापड आडवे ३ टक्के आणि उभे ५ टक्के आटले. ४० इंच घेराची कुर्ती आता ३८.८ इंचांची होईल आणि ४४ इंच उंची ४१.८ वर येईल. ३८ इंच छातीच्या स्त्रीला दुकानातून आलेली कुर्ती छान बसेल, पण पहिल्या धुण्यानंतर जेमतेम पाऊण इंच ढिलाई उरेल. यावर खरा उपाय म्हणजे कापड आधी आटवून मग बेतणे. ते जमत नसेल तर तक्त्यात धुतल्यानंतरचे माप द्यावे आणि तसे लिहावे.

अंगाचे माप कसे घ्यायचे हे दोन-तीन वाक्यांत सांगावे: रोजचे अंतर्वस्त्र घालून, छातीच्या सर्वांत भरीव भागावरून टेप फिरवावी, ती पाठीवर खाली घसरू देऊ नये, श्वास रोखू नये. पण पुष्कळ घरांत टेप नसते किंवा एकटीला ती नीट धरता येत नाही. त्यांच्यासाठी दुसरी वाट अधिक भरवशाची आहे: कपाटातली, नीट बसणारी सुती कुर्ती सपाट पसरून काखेपासून काखेपर्यंत मोजणे आणि तो आकडा कपड्याच्या रकान्याशी ताडून पाहणे. फक्त ती कुर्तीही न ताणणाऱ्या कापडाचीच असावी.

आकड्यांनी जे कळत नाही ते फिटिंगच्या टिपेत येते. ‘रेग्युलर फिट’, ‘आरामदायी’ या शब्दांतून काहीच निवडता येत नाही. वर मोजलेल्या कुर्तीचेच कापड बेतण्याआधी आटवून घेतले, तर तिची टीप अशी लिहिता येईल:

‘सरळ कट, कापड ताणत नाही. छातीवर २ इंच सैल, कमरेला थोडी अंगासरशी. दोन्ही बाजूंना कट असल्याने हिपला अडत नाही. बाही दंडावर १३ इंच घेराची आहे. दंड १२ इंचांपेक्षा भरीव असेल तर पुढची साइज घ्यावी. दोन साइजच्या मधले माप असेल तर मोठी घ्यावी. शिवणीत दोन्ही बाजूंना अर्धा इंच माया आहे. उंची खांद्यापासून ४४ इंच: ५ फूट २ इंच उंचीच्या स्त्रीला पोटरीच्या खाली, ५ फूट ६ इंचांच्या स्त्रीला पोटरीच्या मध्यावर. फोटोतील मॉडेल ५ फूट ६ इंच, छाती ३४, तिने एस घातला आहे.’

यातले दंडाचे वाक्य सहसा गाळले जाते. साइज वाढताना छाती दर वेळी २ इंचांनी वाढवली जाते, बाहीचा घेर मात्र त्या प्रमाणात वाढत नाही, त्यामुळे मोठ्या साइजमध्ये कुर्ती छातीला बसूनही बाहीत अडते. मोठी साइज घेण्याच्या सल्ल्याला कारण आहे: सैल कुर्ती शिंपी बाजूने आत घेऊ शकतो, घट्ट कुर्ती मात्र माया असेल तेवढीच उसवून सोडता येते.

टीप बरोबर आहे की नाही हे परत आलेल्या मालावरून कळते, मात्र कारण नीट विचारलेले हवे. ‘साइज बसली नाही’ हा पर्याय निरुपयोगी आहे. ‘कुठे?’ असे विचारून छाती, दंड, हिप, खांदा, उंची आणि प्रत्येकासमोर घट्ट की सैल असे पर्याय ठेवावेत. मग आकडे बोलू लागतात. सगळ्याच साइज ‘घट्ट’ म्हणून परत येत असतील तर तक्ता एका पायरीने चुकला आहे. बहुधा कपड्याचे माप अंगाच्या रकान्यात पडले आहे. फक्त एलच परत येत असेल तर त्या लॉटचे एल पुन्हा मोजावेत. एकच साइज कोणाला घट्ट आणि कोणाला सैल होत असेल तर नगानगात फरक आहे. आणि एकाच ऑर्डरमध्ये एम व एल दोन्ही मागवून एक परत येत असेल, तर कुर्तीत काही बिघडलेले नसते. गिऱ्हाइकाला तक्त्यावरून ठरवता आलेले नसते.

रंग फोटोपेक्षा वेगळा निघाला, कापड पातळ वाटले किंवा कॅश ऑन डिलिव्हरीचे पार्सल दारातूनच नाकारले गेले, तर तक्ता सुधारून तो माल परत येणे थांबणार नाही. ही पार्सले हिशेबातून आधी बाजूला काढावीत आणि उरलेल्यांत, एकाच कुर्तीसाठी, टीप बदलण्यापूर्वीचे आणि नंतरचे प्रमाण ताडून पाहावे. नवा लॉट आला की मोजणी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते, कारण कापड किंवा कारागीर बदलला की जुने आकडे लागू राहत नाहीत.