उत्तर माहीत असताना घेतलेलं रीडिंग

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला आलेल्या मुलांशी बोलायची वेळ येते, तेव्हा मी त्यांना एकाच सवयीबद्दल सांगते. प्रयोगशाळेत दिसलेला आकडा दिसला तसा, त्याच क्षणी, पेनानं वहीत उतरवायचा. खोडायचा झाला तर एकच आडवी रेघ मारायची, खालचा आकडा वाचता आला पाहिजे. शेजारी दोन शब्दांत कारण लिहायचं. ऐकायला हे किरकोळ वाटतं, पण सबमिशनचा आठवडा आला की सगळ्यात आधी हीच सवय सुटते.

न्यूटनच्या वलयांचाच प्रयोग घ्या. सपाट काचेवर किंचित फुगीर भिंग ठेवायचं, वरून सोडियम दिव्याचा पिवळा प्रकाश सोडायचा आणि मायक्रोस्कोपमधून दिसणाऱ्या काळ्या वलयांचे व्यास मोजायचे. त्यावरून प्रकाशाची तरंगलांबी काढायची. ती ५८९३ अँगस्ट्रॉम यायला हवी, हे प्रत्येकाला आधीच माहीत असतं, आणि गोम तिथंच आहे. सिनियरचं जर्नल हाताशी असतं. ते नसलं, तरी सूत्रात ५८९३ घालून उलटं गणित करता येतं आणि हवे तसे व्यास दहा मिनिटांत तयार होतात.

आता प्रामाणिकपणे मोजणाऱ्या एका गटाचं काय होतं ते पाहू. भिंगाची वक्रता त्रिज्या १०० सेंमी आहे. पाचव्या, दहाव्या, पंधराव्या आणि विसाव्या वलयाचे व्यास ०.३४४, ०.४८६, ०.५८५ आणि ०.६८७ सेंमी आले. व्यासांचे वर्ग वलयांच्या क्रमांकाबरोबर सारख्या टप्प्यांनी वाढायला हवेत. इथं टप्पे येतात ०.११८, ०.१०६ आणि ०.१३०. म्हणजे पंधरावं वलय रेषेच्या खाली बसलंय. दहावं आणि विसावं वलय घेतलं तर उत्तर ५८९४ येतं, पाचवं आणि पंधरावं घेतलं तर ५६०० च्या आसपास.

बहुतेक मुलं इथं ०.५८५ चं ०.५९५ करून मोकळी होतात. उत्तर जुळतं, सहीही मिळते. पण तो चुकीचा आकडाच इथं काहीतरी सांगत होता. मायक्रोस्कोपचा स्क्रू एकाच दिशेनं फिरवायचा असतो. उजवीकडच्या पंधराव्या वलयावरून हात थोडा पुढं गेला आणि स्क्रू उलटा फिरवला, तर आट्यांमधली ढिलाई आधी भरून निघते. तोवर भिंग हलत नाही, ड्रमवरचा आकडा मात्र सरकत राहतो. ०.०१ सेंमीचा फरक तिथून आलेला असू शकतो. खात्री करायची तर डावीकडून पुन्हा सुरुवात करून, न थांबता एकाच दिशेनं ती फेरी घ्यायची. व्यास ०.५९५ च्या जवळ आला, तर यंत्रातला हा दोष तुम्हाला आयुष्यभर लक्षात राहील.

माहीत असलेलं उत्तर शास्त्रज्ञांनाही भुलवतं. मिलिकननं तेलाच्या थेंबांवरून इलेक्ट्रॉनचा विद्युतभार मोजला. हवेच्या चिकटपणाचा आकडा थोडा चुकल्यामुळं त्याचं उत्तर जरा कमी आलं होतं. नंतरच्यांची उत्तरं एकदम सुधारली नाहीत, हळूहळू वर सरकत गेली. १९७४ साली कॅलटेकमध्ये पदवी घेणाऱ्या मुलांपुढं बोलताना रिचर्ड फाइनमननं त्याचं कारण सांगितलं: उत्तर मिलिकनपेक्षा फार वर आलं की लोक स्वतःची चूक शोधत बसत, जवळ आलं की तितकं बारकाईनं पाहत नसत.

पाच वर्षांनी ह्याच मुलांपैकी कुणी बांधकामाच्या साइटवर क्यूब रजिस्टर भरत असतं. एम-२५ काँक्रीटचे १५० मिमीचे तीन ठोकळे २८ दिवसांनी दाबून फोडले. ते ६४०, ६५५ आणि ४९० किलोन्यूटनला फुटले, म्हणजे ताकद झाली साधारण २८.४, २९.१ आणि २१.८. सरासरी २६.४ येते, पंचविसाच्या वर. पण तिसरा ठोकळा सरासरीपासून १७ टक्क्यांहून जास्त लांब आहे. आयएस ४५६ प्रमाणं हा फरक १५ टक्क्यांपुढं गेला की त्या नमुन्याचा निकालच धरता येत नाही. ४९० च्या जागी ५९० लिहिलं की सगळं नियमात बसतं, स्लॅबचं बिल अडत नाही आणि कुणी विचारायलाही येत नाही.

रजिस्टरात ४९० राहिलं, तर मात्र शोध घेता येतो. ठोकळा भरताना नीट ठासला नव्हता का? मशिनमध्ये ठेवताना थापीनं सारखी केलेली खडबडीत बाजू वर आली होती का? की त्या गाडीतल्या मालातच पाणी जास्त पडलं होतं? पहिल्या दोन कारणांत स्लॅब चांगला असतो आणि फक्त चाचणी फसलेली असते. तिसऱ्या कारणात स्लॅबचाच कोअर काढून तपासावा लागतो, आणि तो नेमका कुठल्या भागातून काढायचा हे त्या दिवशी रजिस्टरात लिहिलेल्या गाडीच्या नंबरावरून ठरतं.